मिनिटाला एक डॉलर: हातात तासाला किती पडतात?

प्रश्न: मी अमळनेरला राहते, कनिष्ठ महाविद्यालयात अर्धवेळ शिकवते. रात्री अपवर्क या ऑनलाइन कामं मिळणाऱ्या साइटवर मराठी आणि अहिराणी मुलाखतींची इंग्रजी सबटायटल्स करते. दर मिनिटाला एक डॉलर. मागच्या महिन्यात ३०० मिनिटं केली, ३०० डॉलर झाले. त्यातली २०० मिनिटं एका कायमच्या क्लायंटची, बाकीची पाच किरकोळ कामं. प्रत्यक्ष कामाचे ५० तास धरते. मैत्रीण म्हणते, तासाला साठ डॉलर मिळतात तुला! मिस्टर म्हणतात, तासाला ३०० रुपयांची ट्यूशन घे, ते बरं. नव्या कामांसाठी प्रस्ताव पाठवायला दर महिन्याला १६० कनेक्ट्स विकत घ्यावे लागतात, एक सॉफ्टवेअर वर्षाला सहा हजारांचं आहे. माझा तासाचा खरा दर कसा काढू?

उत्तर:

ताई, मी भुसावळला याच कामात आहे, सबटायटल्स आणि ऑडिओ टंकलेखन दोन्ही करतो. म्हणून तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडतो. जे आकडे तुम्ही दिलेले नाहीत तिथे माझ्या वहीतल्या अनुभवावरून आकडा धरलाय आणि तसं सांगितलंय. तिथे तुम्ही तुमचा घाला.

आधी मैत्रिणीच्या साठ डॉलरचं बघू, कारण आपल्या कामात नव्या माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. क्लायंट पैसे देतो ते ऑडिओच्या मिनिटाचे, घड्याळाच्या मिनिटाचे नाहीत. स्वच्छ आवाजातलं नुसतं ऐकून टाइप करायलासुद्धा सरावाच्या माणसाला एका मिनिटामागे चार मिनिटं लागतात. तुम्ही त्यावर भाषांतर करता, ओळी तोडता, प्रत्येक ओळ कधी दिसायची आणि कधी जायची ते बसवता. ३०० मिनिटांना ५० तास, म्हणजे मिनिटामागे दहा मिनिटं. हा वेग चांगला आहे, तो मनाला लावून घेऊ नका. पण डॉलर ८५ रुपये धरला तर २५,५०० रुपये भागिले ५० म्हणजे तासाला ५१० रुपये होतात. साठ डॉलर म्हणजे ५,१००. पहिल्याच पायरीवर आकडा दहापट खाली आला, आणि अजून कुणी एक पैसाही कापलेला नाही.

आता कापणीकडे. अपवर्कची फी २०२३ पासून सरसकट १० टक्के होती. मे २०२५ पासून ती कामागणिक बदलते, ० ते १५ टक्क्यांच्या मध्ये कुठेही, आणि काम स्वीकारण्याआधी दिसते. मी तुमची १० धरतो, म्हणजे २,५५०. या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, ते ४५९. पुष्कळ जण हा विसरतात, कारण स्टेटमेंटमध्ये तो वेगळ्या ओळीत बारीक रकमांनी येतो. (फायव्हरवर असता तर फीच २० टक्के गेली असती. तेव्हा दोन साइटवरचे दर डोळे झाकून एकमेकांशी ताडू नका.)

कनेक्ट १५ सेंटला एक. १६० कनेक्ट्स म्हणजे २४ डॉलर, वर जीएसटी, मिळून सुमारे २,४०७ रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे यावरच सगळं फिरणार आहे.

मग पैसे बँकेत आणण्याचा खर्च. एका वेळेला ९९ सेंट. तुम्ही दर आठवड्याला काढत असाल तर महिन्याला ३४० रुपये गेले. महिन्यातून एकदाच काढलं तर त्यातले अडीचशे वाचतात. दुसरी कापणी दिसत नाही, ती विनिमयाच्या दरात असते. ती कशी पकडायची? जितके डॉलर काढले आणि जितके रुपये खात्यात आले त्यांचा भागाकार करा, आणि त्याच दिवशीच्या बाजारातल्या दराशी लावून बघा. मी इथे दीड टक्क्याच्या आसपास फरक धरतो, म्हणजे ३२० रुपये. तुमच्या बँकेप्रमाणे तो कमीजास्त निघेल, पण एकदा भागाकार केला की कायमचा कळतो.

स्टेटमेंटमध्ये टीडीएसची ओळ दिसली तर ती खर्चात धरू नका. तो तुमच्या नावावर जमा झालेला आयकर आहे. विवरणपत्र भरताना वळता होतो, जास्त कापला गेला असेल तर परत मिळतो.

एकूण कापणी ६,०७६. खात्यात आले १९,४२४.

यातून घरातला खर्च जातो. सॉफ्टवेअरचे सहा हजार भागिले बारा, महिन्याला ५००. लॅपटॉप साधारण ४८ हजारांचा, चार वर्षं चालेल असं धरलं तर महिन्याला हजार, आणि तो घरात बाकीच्या कामालाही वापरला जात असेल तर निम्मे, ५००. हेडफोन तीन हजारांचे, दोन वर्षं, म्हणजे १२५. वायफाय मी धरत नाही, कारण हे काम बंद केलं तरी तुमच्या घरी ते राहणारच. या कामासाठी म्हणून मोठा प्लॅन घेतला असेल तर फक्त वरचा फरक धरा. विजेची लोकांना फार काळजी असते, पण साठेक वॅटचा लॅपटॉप महिन्यात ७०–८० तास चालला तर पाच युनिटसुद्धा नीट जळत नाहीत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलर सोबत चालतो तेव्हा त्याचे युनिट जास्त होतात. सरासरी १०० रुपये धरा आणि सोडून द्या. या सगळ्याचे झाले १,२२५. उरले १८,१९९.

५० तासांनी भागलं तर तासाला ३६४ रुपये. इथवर बहुतेक लोक येतात आणि थांबतात.

अडचण अशी की ते ५० तास खरे नाहीत. तुम्ही स्वतःच लिहिलंय, "प्रत्यक्ष कामाचे". घरच्या माणसांची मजुरी न धरता यंदा कापूस परवडला असं म्हणतात, त्यातलाच हा प्रकार आहे. कामं शोधत साइट चाळणं, प्रस्ताव लिहिणं, नव्या क्लायंटने मागितलेला दोन मिनिटांचा फुकट नमुना, "फाइल उघडत नाही" म्हणून चाललेले निरोप, काम दिल्यावरच्या दुरुस्त्या. या वेळेचं बिल कुणालाच लागत नाही, पण तो तुमच्याच रात्रीतून जातो. फीचे पैसे निदान स्टेटमेंटवर छापून येतात, हा वेळ कुठेच छापून येत नाही. तुम्ही लिहून ठेवला तरच तो असतो.

तुमचे हे तास मला माहीत नाहीत, पण १६० कनेक्ट्स म्हणजे दहाच्या हिशेबाने सोळा प्रस्ताव. शोधण्यासकट एकाला पाऊण तास धरला तर तिथेच १२ तास गेले. नमुने ३ तास, निरोप ४ तास, दुरुस्त्या ३ तास. किरकोळ पाच कामांपायी हे २२ तास. कायमच्या क्लायंटसाठी फाइली उतरवणं, बोलणं, थोड्या दुरुस्त्या मिळून ६ तास. एकूण २८. मग खरे तास ७८, आणि खरा दर १८,१९९ भागिले ७८, म्हणजे तासाला २३३ रुपये.

थोडक्यात उतरंड अशी: ५,१०० हा ऑडिओच्या तासाचा, ५१० हातातल्या तासाचा, फी आणि खर्च जाऊन ३६४, बिनपैशाचा वेळ धरून २३३.

आता मिस्टरांची ट्यूशन, आणि तिलाही हाच न्याय लावायला हवा. ३०० रुपये शिकवण्याच्या तासाचे. तयारी, वह्या तपासणं, उशिरा येणाऱ्या मुलाची वाट पाहणं, फीची आठवण करणं, हे सगळं धरून शिकवण्याच्या एका तासामागे अजून २४ मिनिटं धरली तर १.४ तासाला ३०० रुपये, म्हणजे तासाला २१४ पडतात. एखादा पालक महिनाभराची फी बुडवून गेला तर त्याहून खाली. तर २३३ आणि २१४. असं बघितलं तर दोन्ही सारखंच, आणि तुमची वादावादी अनिर्णित सुटते.

पण मी इथे थांबायला मुळीच सांगणार नाही, कारण २३३ ही सरासरी आहे आणि ती दोन अगदी वेगळी कामं झाकते. ती सुटी करून बघा.

कायमच्या क्लायंटचे २०० मिनिटांचे १७,००० रुपये. फी आणि जीएसटी २,००६, पैसे आणण्याच्या खर्चातला वाटा ४४०. कनेक्ट्स शून्य. उरले १४,५५४. प्रत्यक्ष कामाचे २८ तास धरतो, कारण ओळखीचे आवाज आणि ओळखीचे विषय असले की हात भराभर चालतो. वरचे ६ मिळून ३४. तासाला ४२८ रुपये.

किरकोळ पाच कामं, सरासरी वीस-वीस मिनिटांची, मिळून ८,५०० रुपये. फी आणि जीएसटी १,००३, पैसे आणण्याचे २२०, आणि कनेक्ट्सचे सगळेच्या सगळे २,४०७ यांच्याच खात्यावर. उरले ४,८७०. प्रत्यक्ष कामाचे राहिलेले २२ तास आणि बिनपैशाचे २२, मिळून ४४. तासाला १११ रुपये.

(लॅपटॉप-सॉफ्टवेअरचे १,२२५ मी इथे मुद्दाम वाटले नाहीत. किरकोळ कामं घेतली काय, सोडली काय, ते तेवढेच राहतात. एखादं काम घ्यावं की नाही हे ठरवताना ते मध्ये आणायचे नाहीत. सगळा धंदाच चालू ठेवायचा की नाही हे ठरवताना आणायचे, आणि तिथेही लॅपटॉप आधीच घेतलेला असेल तर काम बंद करून ते पैसे परत येत नाहीत. पुढचा लॅपटॉप घ्यायची वेळ येते तेव्हा तो आकडा खरा कामाला येतो.)

आता चित्र बघा. त्याच ४४ तासांची ट्यूशन घेतली असती तर २१४ च्या दराने ९,४१६ रुपये झाले असते, ४,८७० च्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे मिस्टर किरकोळ कामांच्या बाबतीत बरोबर आहेत आणि कायमच्या क्लायंटच्या बाबतीत साफ चूक आहेत. ऑनलाइन काम की ट्यूशन, असा प्रश्न नव्हताच. महिन्याच्या ७८ तासांपैकी कुठले ४४ तास तुम्हाला खातायत, हा प्रश्न आहे.

लगेच ती कामं तोडा असं मात्र मी म्हणत नाही, त्याला तीन गोष्टी बघाव्या लागतील. एक, ट्यूशनचे तास संध्याकाळी पाच ते आठचे असतात, आणि तुम्ही काम करता रात्री. रात्री दहाला कुणी शिकायला येत नाही. तो वेळ ट्यूशनला देता येणारच नसेल तर तुलना २१४ शी होत नाही, झोपेशी किंवा घराशी होते. त्याची किंमत तुम्हीच ठरवा, माझ्या हिशेबात ती शून्य नसते. दोन, अमळनेरला एवढ्या तासांना पुरतील इतकी मुलं खरंच मिळतात का? तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: तुमचा कायमचा क्लायंटही कधीतरी किरकोळ कामातूनच आला असणार. पाच नव्यांपैकी एक जरी टिकला तर शोधाच्या त्या तासांतले काही तास पुढच्या वर्षाच्या कमाईचे असतात. आणि एकाच क्लायंटवर सगळी मदार असणं धोक्याचं, त्याचा प्रकल्प संपला की तुमचा महिना रिकामा.

म्हणून मी किरकोळ कामं सोडत नाही, त्यांचा भाव वेगळा लावतो. कसा, ते तुमच्याच आकड्यांत दाखवतो.

एका किरकोळ कामामागे तुमचे बिनपैशाचे ४.४ तास आणि कनेक्ट्सचे ४८१ रुपये जातात (न मिळालेल्या प्रस्तावांसकट, कारण तेही मिळालेल्यांनीच भरून काढायचे असतात). हा खर्च काम वीस मिनिटांचं असो की साठ मिनिटांचं, जवळपास तेवढाच. दुरुस्त्या लांबीप्रमाणे थोड्या वाढतात, पण ढोबळ हिशेबाला चालेल. तासाला निदान ट्यूशनएवढे, २१४ तरी पडावेत असं धरा. ४.४ तासांचे ९४२ आणि कनेक्ट्सचे ४८१, झाले १,४२३. फी, जीएसटी आणि पैसे आणण्याचा खर्च जाऊन शंभरातले ८५.६ रुपये तुमच्या हाती येतात, म्हणून १,४२३ हाती यायला बिल १,६६२ चं हवं. म्हणजे साडेएकोणीस डॉलर, आणि अजून ऑडिओचं एक मिनिटही ऐकलेलं नाही.

यावर प्रत्यक्ष काम. किरकोळ कामात तुम्हाला मिनिटामागे १३ मिनिटं लागतायत. त्याचे २१४ च्या दराने ४७ रुपये, बिलात ५५, म्हणजे ६५ सेंट.

आता यातून एक गंमतीचा निष्कर्ष निघतो. तुमचा मिनिटाला एक डॉलर हा दर कमी नाही. कामाला ६५ सेंट पुरतात, ३५ सेंट वर उरतात. पण त्या ३५ सेंटांतून साडेएकोणीस डॉलर भरून निघायला ५६ मिनिटांचं काम हवं. तासाभराची मुलाखत आली तर ६० डॉलरमध्ये तुम्ही सुटता. वीस मिनिटांच्या कामाला साडेबत्तीस डॉलर हवे होते, तुम्ही वीस घेतले. प्रत्येक छोट्या कामात साडेबारा डॉलर पदरचे घातले, आणि दर मात्र "मार्केटप्रमाणे" होता.

तेव्हा मिनिटाचा दर वाढवायच्या मागे लागू नका, त्याने यादीत तुम्ही महाग दिसता. नव्या क्लायंटसाठी किमान बिल ठेवा. "एक डॉलर मिनिटाला, कमीत कमी ३३ डॉलर, त्यात एक दुरुस्ती" असं सरळ प्रस्तावात लिहा. काही जण निघून जातील, ते बहुतेक चार मिनिटांची क्लिप घेऊन आलेलेच असतात. जो थांबतो त्याला दुसऱ्या कामापासून किमान बिलाची अट काढून टाका, कारण दुसऱ्या वेळी कनेक्ट्स नाहीत, प्रस्ताव नाही, नमुना नाही. त्यालाही ते कळतं आणि तो परत येतो. आणि नमुना मागितला तर एक मिनिटाचाच द्या, त्यांच्याच ऑडिओतला. त्यातून तुम्हालाही आवाज कसा आहे ते कळतं.

हे सगळं ज्या वेळेच्या नोंदीवर उभं आहे ती कशी ठेवायची ते सांगतो. मोबाइलवर टायमरची ॲपं आहेत, पण स्वयंपाकघरातून उठून लॅपटॉपवर बसणाऱ्या माणसाला वही बरी पडते. लॅपटॉपशेजारी शंभर पानी वही ठेवा. बसताना वेळ लिहा, उठताना लिहा, पुढे एक अक्षर: का म्हणजे काम, शो म्हणजे शोध आणि प्रस्ताव, बो म्हणजे बोलणं, दु म्हणजे दुरुस्ती. त्यापुढे क्लायंटची खूण. पंधरा मिनिटांच्या टप्प्याने लिहिलं तरी पुरतं. माझ्या वहीतली एक ओळ अशी असते: "९.४५ ते ११.००, दु, पुणे-२". बस, यापेक्षा जास्त लिहायला लागलात तर दहा दिवसांत वही बंद पडेल. मध्ये दार वाजलं, फोन आला, तर तेवढा वेळ वजा करा. क्लायंटच्या उत्तराची वाट बघत तुम्ही भाजी निवडत होतात तर तो वेळ धरू नका. लॅपटॉपसमोर बसून वाट बघत होतात तर धरा. नवीन सॉफ्टवेअर शिकण्यात गेलेला वेळ वेगळ्या पानावर लिहा, तो एका महिन्याच्या दरात घुसडला तर त्या महिन्याचा दर उगाच पडलेला दिसतो.

चार आठवडे पुरतात, पण ते दिवाळीचे किंवा बोर्डाच्या परीक्षेचे नकोत.

आणि पैसे त्या-त्या कामाला लावा, तारखेला नाही. ठरलेल्या रकमेच्या कामात क्लायंटकडे तपासायला १४ दिवस असतात, त्याने मंजूर केल्यावरही पाच दिवस रक्कम अडकलेली असते. तासांच्या कामाचे पैसे आठवडा संपल्यावर दहा दिवसांनी मोकळे होतात. म्हणजे सप्टेंबरच्या रात्रींचे पैसे ऑक्टोबरात खात्यात दिसतात. पासबुक बघून सप्टेंबरचा दर काढला तर तो पडलेला दिसेल आणि ऑक्टोबरचा चढलेला, आणि दोन्ही खोटे. वहीत प्रत्येक कामापुढे "आले" असं लिहायची जागा ठेवा, त्याने बुडीत कामही आपोआप उघडं पडतं.

आयकर मी वर कुठेच वजा केला नाही, त्याला कारण आहे. तुमच्या पगारावर हे उत्पन्न चढतं, म्हणून तुमचा शेवटचा टप्पा कुठला यावर तो अवलंबून. पण ट्यूशनचं उत्पन्नही तसंच करपात्र आहे, त्यामुळे दोन्हींत निवड करताना कराने फरक पडत नाही. फी, कनेक्ट्स आणि सॉफ्टवेअरची बिलं मात्र उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवा. विवरणपत्र कसं भरायचं ते सीएला विचाराल तेव्हा तो पहिल्यांदा तीच मागेल.

आता शेवटचं, अहिराणीचं. तुम्ही मराठी आणि अहिराणी दोन्हींना एकच दर लावताय असं तुमच्या प्रश्नावरून दिसतं, आणि माझ्या मते तुमच्या किरकोळ कामांचा मिनिटामागे तेरा मिनिटांचा आकडा इथूनच येतोय. पुण्यातल्या बंद खोलीत, कॉलर माइक लावून घेतलेली मुलाखत वेगळी. चोपड्याकडे केळीच्या बागेत उभं राहून घेतलेली वेगळी: मागे मोटार चालू, शेतकरी अहिराणीत बोलतोय, मध्येच शेजारचा त्याचं वाक्य पुरं करतोय, आणि मुलाखत घेणाऱ्याला भाषा येत नसल्याने तो चुकीच्या जागी पुढचा प्रश्न विचारतोय. तिथे एक वाक्य चार वेळा ऐकावं लागतं. शिवाय अहिराणीतला शब्द आधी मनात मराठीत उतरतो, मग इंग्रजीत.

म्हणून दर सांगण्याआधी फाइल मागा आणि तीन ठिकाणचं एकेक मिनिट करून बघा: सुरुवातीचं, मधलं, शेवटचं. फक्त सुरुवात ऐकून फसायला होतं, पहिली पाच मिनिटं सगळे नीट बसून बोलतात. तिन्ही मिनिटांना घड्याळ लावा. सरासरी बाराच्या आत आली तर तुमचा नेहमीचा दर. बाराच्या पुढे गेली तर दीड डॉलर सांगा, सोळाच्या पुढे गेली तर दोन, आणि क्लायंटला कारणही लिहा: मागे मोटारीचा आवाज आहे, दोघं एकाच वेळी बोलतात, बोली अहिराणी आहे. ही बोली कानावर पडत मोठी झालेली आणि इंग्रजीत नीट सबटायटल करू शकणारी माणसं त्या साइटवर फार थोडी आहेत. मुंबई-पुण्याचा मराठी भाषांतरकार त्या मिनिटाला वीस-पंचवीस मिनिटं घालवेल आणि तरी अर्ध्या जागी "अस्पष्ट" लिहून देईल. पुढची अहिराणी फाइल येईल तेव्हा तिन्ही मिनिटांचे आकडे वहीत लिहा आणि मगच दर कळवा.